परिच्छेद कितीदाही बदला, चौकशा चुकीच्याच येतात: 'माझ्याविषयी'मधला बिघाड कसा शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. फ्रीलान्स डिझायनरची वेबसाइट व्यवस्थित चालते, कामं नीट मांडलेली आहेत, संपर्काचा फॉर्म चालू आहे आणि चौकशाही येतात. फक्त त्या भलत्याच येतात. अहवाल आणि पुस्तिका मांडणाऱ्या माणसाला लोगो विचारला जातो. शांत, मोजक्या रंगांत काम करणाऱ्याला कुणीतरी झगमगीत मुखपृष्ठाचा नमुना पाठवून 'असंच हवंय' म्हणतं. मजकुराचा पत्ता नसलेला माणूस परवापर्यंत छापील पुस्तिका मागतो. मग वैतागून एखाद्या संध्याकाळी 'माझ्याविषयी'चा परिच्छेद नव्याने लिहिला जातो, दोन आठवडे बरं वाटतं आणि नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे पुन्हापुन्हा घडतं, कारण दर वेळी अख्खा परिच्छेद बदलला जातो आणि त्यातही बदलतात ती विशेषणं. 'सर्जनशील'च्या जागी 'कल्पक' येतं, 'आधुनिक'च्या जागी 'समकालीन' येतं. या परिच्छेदाची कामं मात्र तीनच असतात: मी काय करून देतो, ते दिसतं कसं आणि ते कुणासाठी आहे. बिघाड बहुतेक वेळा यांपैकी एकाच ठिकाणी जास्त असतो. तो कुठे आहे हे परिच्छेद वाचून कळत नाही, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचा परिच्छेद नेहमीच स्पष्ट वाटतो. ते कळतं आलेल्या चौकशांवरून.

आधी इनबॉक्स उघडा

गेल्या तीन-चार महिन्यांत वेबसाइटवरून आलेल्या सगळ्या चौकशा एका जागी काढा. चारपाचच निघाल्या, तर आणखी मागे जा. इतक्या कमी चौकशांवरून निष्कर्ष काढला की एखादा विक्षिप्त ईमेल सगळं चित्र बिघडवतो. मग प्रत्येक चौकशीवर एक शेरा मारा. काम चुकीचं असेल, म्हणजे तुम्ही करतच नाही असं काही मागितलं असेल, तर 'काम'. काम तुमचंच पण अपेक्षित रूप तुमच्या हातचं नसेल, तर 'शैली'. काम आणि रूप दोन्ही जुळतात, पण त्या माणसासोबत किंवा त्या परिस्थितीत काम होणं शक्य नाही, असं असेल तर 'क्लायंट'. उरलेल्या योग्य चौकशा वेगळ्या ठेवा आणि त्यांच्यापुढे तो माणूस तुमच्यापर्यंत कसा पोचला तेही लिहा.

हा शेवटचा रकाना लोक वगळतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तोच बोलतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. एक डिझायनर संस्थांचे अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका आणि मार्गदर्शिका मांडते. तिच्या वेबसाइटवरचा परिच्छेद असा होता:

> नमस्कार! सर्जनशील डिझाइनच्या माध्यमातून आम्ही तुमच्या कल्पनांना मूर्त रूप देतो. ब्रँडिंग, प्रिंट, डिजिटल, सोशल मीडिया आणि इतर सर्व प्रकारच्या डिझाइन सेवा आमच्याकडे उपलब्ध आहेत. आमची शैली आधुनिक, स्वच्छ आणि मिनिमल आहे. स्टार्टअपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांसोबत काम करायला आम्हाला आवडतं. दर्जा आणि वेळेची बांधिलकी हीच आमची ओळख!

बारा चौकशा निघाल्या. त्यांतल्या पाच 'काम' या शेऱ्याच्या: दोन लोगो, दोन सोशल मीडियाच्या पोस्ट महिन्याच्या बोलीवर आणि एक पूर्ण वेबसाइट बांधून देण्याबद्दल. 'शैली'च्या दोन. 'क्लायंट'च्या तीन: एकाकडे मजकूरच नव्हता, तो हिनेच लिहावा अशी अपेक्षा होती, दुसऱ्याला आठवड्याच्या आत सगळं हवं होतं, तिसरीकडे पाच जणांची समिती होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं. उरलेल्या दोन चौकशा अगदी हव्या तशा होत्या. पण शेवटचा रकाना पाहिला, तर त्या दोघांनाही जुन्या क्लायंटने नाव सुचवलं होतं. परिच्छेद त्यांनी वाचलाही नसेल. याचा अर्थ, या परिच्छेदाने एकही योग्य माणूस आणला नव्हता. ती मात्र 'योग्य लोकही येतात की अधूनमधून' या समजुतीत होती.

'काम'चा ढीग मोठा असेल तर: सेवेचं वाक्य

तिचं सेवेचं वाक्य परत वाचा. 'प्रिंट' आणि 'डिजिटल' ही माध्यमं आहेत, 'ब्रँडिंग' हे अख्खं क्षेत्र आहे. क्लायंटच्या डोक्यात यांपैकी काहीच नसतं. त्याच्या डोक्यात एक वस्तू असते: 'आपला वार्षिक अहवाल', 'ती प्रशिक्षणाची पुस्तिका', 'फील्डवरच्या लोकांसाठीची मार्गदर्शिका'. त्या वस्तूचं नाव पहिल्या वाक्यात दिसलं नाही, तर वाचणारा यादीतला स्वतःला सगळ्यात ओळखीचा शब्द उचलतो. अशा यादीत बहुतेकांना ओळखीचं काय असतं? ब्रँडिंग, म्हणजे त्यांच्या लेखी लोगो, आणि सोशल मीडिया. म्हणजे तिला येणाऱ्या चुकीच्या चौकशा काही अपघाताने येत नव्हत्या, यादीनेच त्यांना बोलावलं होतं.

'आणि इतर सर्व प्रकारच्या' या शब्दांविषयी माझं मत जरा कडक आहे. हे शब्द लिहिताना मनात भीती असते की एखादं काम हातचं जाईल. वाचणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की या व्यक्तीचं असं खास काही नाही. जे काम जाऊ नये म्हणून ते लिहिले जातात ते काम या शब्दांमुळे आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सेवेच्या वाक्याचा चांगला साचा असा: वस्तूचं नाव, तुमचं काम सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे. सुरुवात आणि शेवट सांगणं बहुतेक जण विसरतात. 'अहवाल डिझाइन करते' एवढंच लिहिलं, तर एकाला वाटतं मजकूरही हीच लिहील, दुसऱ्याला वाटतं छपाईही हीच करून आणेल, तिसऱ्याला वाटतं फक्त मुखपृष्ठ मिळेल. तिने लिहिलं:

> मी अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका आणि मार्गदर्शिका मांडते. वर्डमधला मजकूर आणि एक्सेलमधले तक्ते घेऊन छपाईसाठी आणि स्क्रीनवर वाचण्यासाठी तयार पीडीएफ देते.

'वर्डमधला मजकूर घेऊन' या तीन शब्दांत मजकूर तुम्ही द्यायचा हे आलं. 'तयार पीडीएफ देते' यात छपाई माझ्याकडे नाही हे आलं. कुठेही नियमावलीचा सूर लागला नाही.

इथे 'आम्ही'चं 'मी' झालं, तेही मुद्दाम. एकटं काम करणाऱ्याने 'आम्ही' लिहिलं की वाचणारा टीम गृहीत धरतो. मग वेबसाइट बांधण्याची चौकशी येते, कारण टीममध्ये कुणीतरी कोडिंग करणारा असेलच असं त्याला वाटतं. पहिल्या फोनवर 'मी एकटीच आहे' सांगावं लागतं आणि समोरच्याला आपली फसगत झाल्यासारखं वाटतं. खरोखर दोघं-तिघं मिळून काम करत असाल, तर 'आम्ही' जरूर लिहा. मोठं दिसावं म्हणून लिहू नका.

नकाराचं वाक्य घालावं का, हा पुढचा प्रश्न. घालावं, पण एकच, आणि तेही ढिगात ज्याची गर्दी आहे त्याच कामापुरतं. तिच्याकडे पाचपैकी चार चौकशा लोगो आणि सोशल मीडियाच्या होत्या, म्हणून शेवटी 'लोगो आणि सोशल मीडियाच्या पोस्ट मी करत नाही' एवढं आलं. वेबसाइटची एकच चौकशी होती, तिच्यासाठी वाक्य खर्च केलं नाही. पाच-सहा नकार ओळीने लिहिले की परिच्छेद कुरकुरणारा वाटतो आणि ज्याचं काम योग्य आहे तोही दबकतो.

'शैली'चा ढीग: विशेषणं का चालत नाहीत

'आधुनिक, स्वच्छ, मिनिमल' यांची एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक शब्दाच्या उलट शब्द घ्या आणि तो एखादा डिझायनर अभिमानाने लिहील का ते बघा. 'माझं काम गचाळ असतं' असं कुणी लिहिणार नाही, म्हणून 'स्वच्छ' निरुपयोगी. 'माझं काम जुनाट असतं' असंही कुणी लिहीत नाही, म्हणून 'आधुनिक'ही गेला. 'मिनिमल'चा उलट शब्द मात्र कुणी अभिमानाने लिहू शकेल: नक्षीदार, भरगच्च, रंगांनी ओसंडणारं काम करणारे उत्तम डिझायनर आहेत. त्यामुळे 'मिनिमल' परीक्षेत पास होतो, पण दुसऱ्याच अडचणीत सापडतो. तो शब्द इतक्या जणांनी वापरला आहे की प्रत्येक वाचणारा त्याखाली स्वतःच्या मनातलं चित्र लावतो.

त्यापेक्षा आपली अलीकडची तीन कामं शेजारीशेजारी ठेवा आणि तिन्हींत डोळ्यांना काय सारखं दिसतं ते लिहून काढा. मत लिहू नका, दिसतं ते लिहा. तिच्या तीन अहवालांत हे निघालं: फोटो कमी आणि आलेख जास्त, काळ्याशिवाय एक किंवा दोनच रंग, रुंद समास, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर चौकटीत सार. यांतल्या दोन-तीन गोष्टी घ्यायच्या आणि त्यांचा वाचकाला होणारा उपयोग एका तुकड्यात जोडायचा. समासाचा मुद्दा तिने सोडून दिला. तो डिझायनरच्या जिव्हाळ्याचा असतो, क्लायंट समास बघत नाही. उरलं ते असं:

> माझ्या पानांवर फोटोंपेक्षा आलेख जास्त असतात, रंग मोजके असतात आणि प्रत्येक प्रकरणाचं सार पहिल्याच पानावर मिळतं, म्हणजे घाईतल्या वाचकालाही मुद्दा कळतो.

ज्याला झगमगीत मुखपृष्ठ हवं आहे तो हे वाचून आपणहून दुसरीकडे जातो. ज्याच्याकडे तक्त्यांनी भरलेला, कुणी न वाचलेला जुना अहवाल पडून आहे तो थांबतो.

तरीही 'शैली'चा ढीग आटला नाही, तर परिच्छेद सोडा आणि पोर्टफोलिओचं पहिलं चित्र बघा. तिच्याकडे अगदी वर एका संगीत कार्यक्रमाचं रंगीबेरंगी पोस्टर होतं. काम देखणं होतं, हौसेने केलेलं होतं, म्हणून ते पहिलं. शैलीच्या दोन्ही चुकीच्या चौकशांमध्ये त्याच पोस्टरचा उल्लेख होता. वाक्य आणि चित्र यांच्यात मतभेद झाला की लोक चित्रावर विश्वास ठेवतात. अशा वेळी वाक्य कितीही घासूनपुसून लिहिलं तरी उपयोग नाही. पोस्टर काढून टाकायची गरज नव्हती, ते खाली गेलं आणि पहिल्या तीन जागांवर आलेख असलेली आतली पानं आली. अहवालांची फक्त मुखपृष्ठं दाखवणं हीही तशीच एक चूक असते. मांडणीचं काम आतल्या पानांवर दिसतं.

'क्लायंट'चा ढीग: इथे लोक टोकाला जातात

'स्टार्टअपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत' या वाक्यातून कुणीच बाहेर पडत नाही, म्हणून त्यातून कुणी आतही येत नाही. हे पटल्यावर बहुतेक डिझायनर दुसऱ्या टोकाला जातात. तिनेही पहिल्यांदा लिहिलं, 'मी फक्त सामाजिक संस्थांसाठी काम करते.' कागदावर हे वाक्य अगदी नेमकं दिसतं. पण तिच्या जुन्या कामांची यादी काढली, तर सगळ्यात सुरळीत झालेलं एक काम एका संशोधन गटाचं होतं. त्या गटातल्या माणसाने हे वाक्य वाचलं असतं, तर त्याने ईमेल केलाच नसता. उलट, समितीच्या पाच मतांचा घोळ घालणारी चौकशी सामाजिक संस्थेचीच होती, तिला हे वाक्य अडवू शकलं नसतं. म्हणजे चाळणीची भोकंच चुकीच्या आकाराची होती.

क्षेत्राच्या नावापेक्षा परिस्थितीचं वर्णन जास्त कामाचं असतं. ते शोधायला दोन याद्या समोर ठेवायच्या: चांगली झालेली कामं आणि 'क्लायंट'च्या ढिगातल्या चौकशा. चांगल्या कामांत असं काय होतं जे या चौकशांत नव्हतं? तिच्या बाबतीत उत्तर सरळ निघालं. चांगल्या कामांत मजकूर आधीच लिहून झालेला होता. आकडे भरपूर होते, म्हणून तिच्या आलेखांची खरी गरज होती. 'हो, पाठवा छपाईला' म्हणणारी एकच व्यक्ती होती. आणि घाई नव्हती.

आता हे लिहायचं कसं? एक पद्धत अटींची आहे: 'मजकूर तयार असावा. अंतिम मंजुरी एकाच व्यक्तीकडे असावी. घाईची कामं स्वीकारली जात नाहीत.' यात खोटं काही नाही, पण दारावर लावलेली पाटी वाचल्यासारखं वाटतं. त्याच गोष्टी समोरच्याचं वर्णन म्हणून लिहिल्या, की योग्य माणसाला 'हे आमच्याबद्दलच आहे' असं वाटतं आणि अयोग्य माणसाला आपल्याकडे काय कमी आहे ते कळतं:

> मजकूर तयार आहे, आकडे बरेच आहेत आणि अंतिम मंजुरी एका व्यक्तीकडे आहे, अशा संस्था आणि संशोधन गटांसोबत माझं काम चांगलं जमतं. साठ पानांच्या अहवालाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

घाईवर तिने नकार लिहिला नाही, कालावधी लिहिला. आठवड्यात काम मागणाऱ्याला तो पुरेसा आहे. पानांचा आकडा सोबत असल्यामुळे बारा पानी पुस्तिका असलेला माणूसही मनात हिशेब करू शकतो. 'वेळेची बांधिलकी' या शब्दांतून असा कोणताच हिशेब होत नव्हता.

नुकतीच सुरुवात केलेल्यांकडे चांगल्या कामांची यादी नसते. त्यांनी क्लायंटचं वाक्य लहान ठेवावं, मजकूर आणि मंजुरी एवढ्यावरच थांबावं. चारपाच कामं झाली की त्यात भर घालता येते.

सगळे तुकडे आणि शेवटचा तो एक नकार जोडला, की पाऊणशेच्या आसपास शब्द होतात. तेवढे पुरतात. शंभराच्या पुढे गेलात तर बहुधा तुमच्या प्रवासाची गोष्ट आत शिरलेली असते. ती हवी तर खाली वेगळी लिहा, या परिच्छेदात नको. 'नमस्कार'ही गेला आणि 'कल्पनांना मूर्त रूप'ही, कारण पहिल्या वाक्याची जागा सगळ्यात महागाची असते.

वेबसाइटवर चढवण्याआधी एक तपासणी करा. डिझाइनशी संबंध नसलेल्या एखाद्याला हा मजकूर, चित्रं न दाखवता, एकदाच वाचायला द्या आणि काढून घ्या. मग तीन प्रश्न विचारा: ही व्यक्ती काय करून देते, ते साधारण कसं दिसत असेल आणि हिच्याकडे कुणी जावं? 'छान लिहिलंय' हे उत्तर धरू नका. ज्या प्रश्नाला तो अडखळेल, ते वाक्य अजून कच्चं आहे. दुसऱ्या डिझायनरला मात्र हे विचारू नका. तो न लिहिलेलंही समजून घेतो.

बरं झालेलं दुखणं परत का उलटतं

परिच्छेद नीट झाल्यावरही काही महिन्यांनी जुन्या चौकशा परत सुरू होतात. याची दोन कारणं मला वारंवार दिसतात.

एक म्हणजे 'तसेच'. मध्ये कुणाच्या तरी आग्रहाने एखादं आमंत्रणपत्र केलेलं असतं, पैसे बरे मिळालेले असतात, म्हणून परिच्छेदाच्या शेवटी 'तसेच आमंत्रणपत्रं' चिकटतं आणि त्याचं चित्र पोर्टफोलिओत चढतं. वर्षभरात असे तीन 'तसेच' जमले की जुनी यादी परत तयार. यावर साधा उपाय असा, की नवीन काम परिच्छेदात घालण्याआधी स्वतःला विचारायचं: या प्रकारच्या आणखी पाच चौकशा उद्या आल्या, तर आनंद होईल का? नसेल, तर काम करा, पैसे घ्या, पण ते वेबसाइटवर आणू नका.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. पानावरचा परिच्छेद बदलतो, पण त्याच्या जुन्या प्रती इतरत्र जिवंत राहतात. पहिली प्रत पानाच्या कोडमध्ये असते. सर्चच्या निकालात आणि लिंक पाठवल्यावर दिसणाऱ्या चौकटीत जो मजकूर येतो, तो अनेकदा इथून उचलला जातो:

```html
<meta name="description" content="अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका आणि मार्गदर्शिकांची मांडणी. वर्ड-एक्सेलमधून छपाईसाठी तयार पीडीएफ.">
<meta property="og:description" content="अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका आणि मार्गदर्शिकांची मांडणी.">
```

वेबसाइट एखाद्या तयार साधनावर बांधली असेल, तर कोडला हात लावावा लागत नाही. पानाच्या सेटिंगमध्ये `Meta description` किंवा `SEO description` अशा नावाची जागा असते, तिथे हे भरायचं. तुमचं पान उघडून विंडोज संगणकाच्या ब्राउझरमध्ये `Ctrl+U` दाबलं की कोड दिसतो. त्यात जुन्या परिच्छेदातला एखादा शब्द, तिच्या बाबतीत 'ब्रँडिंग', शोधून बघा. सापडला, तर जुनी प्रत अजून तिथेच आहे. बाकीच्या पानांसाठी गूगलमध्ये असं शोधा, फक्त `example.com` च्या जागी तुमचा पत्ता टाका:

```
site:example.com "ब्रँडिंग"
```

गूगल तुम्ही दिलेलंच वर्णन दाखवेल याची खात्री नसते. शोधलेल्या शब्दांना पानावरचं दुसरं वाक्य जास्त जुळतंय असं वाटलं, तर ते तेच उचलतं. म्हणून परिच्छेदाचं पहिलं वाक्य एकटं काढून वाचलं तरी पूर्ण अर्थ लागला पाहिजे. 'मी अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका आणि मार्गदर्शिका मांडते' हे वाक्य एकटं उभं राहतं. 'सर्जनशील डिझाइनच्या माध्यमातून' राहत नाही.

वर्णन बदलूनही लिंकची चौकट जुनाच मजकूर दाखवत असेल, तर तुमचं काही चुकलेलं नाही. फेसबुक, लिंक्डइनसारख्या सेवा एकदा वाचलेलं वर्णन काही काळ साठवून ठेवतात. फेसबुकसाठी Sharing Debugger मध्ये पत्ता टाकून `Scrape Again` दाबलं की ते नव्याने वाचलं जातं, लिंक्डइनसाठी Post Inspector आहे. हे झालं की इतर ठिकाणच्या प्रती राहतात: लिंक्डइन आणि बिहान्सवरची ओळख, ईमेलखालची सही, कोटेशनच्या फाइलमधलं पहिलं पान. तिच्या बाबतीत परिच्छेद बदलल्यानंतर आलेल्या लोगोच्या चौकशीचा माग काढला, तर तो जुन्या सोशल प्रोफाइलवरच्या ओळखीपर्यंत पोचला. फॉर्ममध्ये 'माझ्याबद्दल कुठे कळलं?' हा प्रश्न होता म्हणून ते सापडलं. तुमच्या फॉर्ममध्ये नसेल तर आजच घाला, सक्तीचा करू नका.

सुधारलं की नाही, हे कशावरून समजायचं

चौकशांच्या संख्येवरून नाही. चुकीच्या चौकशा थांबल्या तर संख्या घटणारच, आणि ते पाहून घाबरून लोक 'आणि इतर सर्व प्रकारच्या' परत आणतात. त्याऐवजी ईमेलची पहिली दोन वाक्यं बघा. 'आमचा पन्नास पानांचा अहवाल आहे, मजकूर तयार आहे' अशी सुरुवात दिसायला लागली, म्हणजे तुमचेच शब्द परत येत आहेत आणि परिच्छेद वाचला जातोय.

चौकशा पार शून्यावर आल्या तर वेगळं बघावं लागतं. वेबसाइटच्या भेटींचे आकडे उघडा. 'माझ्याविषयी'चं पान पूर्वीइतकेच लोक उघडत असतील, पण तिथून संपर्काच्या पानावर जाणारे घटले असतील, तर तुमची चाळणी फार बारीक झाली आहे. बहुतेक वेळा दोष क्लायंटच्या वाक्यात असतो, एखादी अट सैल करून बघा. मुळात पानावर येणारेच घटले असतील, तर परिच्छेद निर्दोष आहे आणि अडचण लोक तुमच्यापर्यंत पोचण्यात आहे.

एक चौथा ढीग कधीकधी तयार होतो, तो या सगळ्यानंतरच स्पष्ट दिसतो: काम योग्य, रूप योग्य, माणसं योग्य, पण त्यांचं बजेट तुमच्या दराच्या जवळपासही नाही. त्यासाठी परिच्छेदात 'उच्च दर्जा' किंवा 'प्रीमियम' असले शब्द पेरू नका, त्यावरून कुणीच रक्कम ओळखत नाही. सेवांच्या पानावर साठ पानांच्या अहवालाचा सुरुवातीचा दर लिहा किंवा फॉर्ममध्ये बजेटच्या तीन-चार टप्प्यांतून एक निवडायला द्या. सगळ्यात खालचा टप्पा तुम्ही खरोखर स्वीकाराल तोच ठेवा.